किड्याचं लेणं, भिक्खूचं लेणं

आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला तीन दगडी पायऱ्या आहेत. आषाढात दोन-चार झडी होऊन गेल्या की त्यांच्यावर हिरवट साय धरते. आम्ही सगळे तिच्यावरूनच ये-जा करतो. चपलेला रबरी तळ असला म्हणजे झालं. काही वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीतल्या जैन स्थानकात तीन महासतीजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मास होता. एका सकाळी त्यांतल्या दोघी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आमच्याकडे यायला निघाल्या, त्या पायऱ्यांपाशी आल्या आणि थबकल्या. मग मागे वळून, अख्ख्या इमारतीला वळसा घालून पुढच्या फाटकातून आल्या. मला वाईट वाटलं. मी म्हणाले, "महाराजसाहेब, तिथून घसरायला होत नाही, आम्ही रोज येतो." त्यांतल्या वयस्कर होत्या त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मराठी आमच्यासारखीच बोलायच्या. म्हणाल्या, "घसरायची भीती नाही हो. ती जिवंत आहे."

साधू पावसाळ्यात का थांबतात, याचं माझ्या मनातलं उत्तर तोवर अगदी सरळ होतं. पूर्वी रस्ते नव्हते, नद्यांना पूर यायचे, चिखलात चालणार कसं, म्हणून थांबत असतील. शाळेत कुणीतरी असंच सांगितलं होतं आणि ते पटण्यासारखंही होतं. पण मग रस्ते झाले, पूल झाले, तरी ही माणसं थांबतातच. म्हणजे कारण चिखलाचं नव्हतं. निदान फक्त चिखलाचं तरी नव्हतंच. त्या सकाळनंतर मी जे मिळेल ते वाचत गेले.

बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गात, वर्षावासाचा नियम कसा आला ते सांगितलं आहे. बुद्ध तेव्हा राजगृहात वेळुवनात होते. भिक्खू हिवाळा, उन्हाळा, पावसाळा न बघता बाराही महिने चारिका करत, म्हणजे गावोगाव पायी फिरत. लोक कुरकुरू लागले. त्यांची तक्रार अशी होती, की हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवं गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवाला त्रास देतात, कितीतरी बारीकसारीक प्राणी मारतात. दुसऱ्या पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात. एवढंच काय, पक्षीसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून पावसाळाभर तिथे राहतात, आणि यांनाच तेवढं कळत नाही! हे बुद्धांच्या कानावर गेलं आणि त्यांनी वर्षावासाची आज्ञा दिली. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण नियमाची मागणी साध्या लोकांकडून आली. कुणी असं म्हटलं नाही, की बिचारे भिक्खू भिजतात, त्यांना निवारा द्या. लोकांचं लक्ष भिक्खूच्या पायाखाली काय येतंय तिकडे होतं.

तक्रारीतला 'एकेंद्रिय जीव' हा शब्द जैन घरांत आजही रोजचा आहे. ज्याला फक्त स्पर्शाचं इंद्रिय आहे तो एकेंद्रिय: माती, पाणी, वनस्पती, आणि आमच्या पायरीवरची हिरवी सायसुद्धा. आठ महिने जी जमीन तुलनेने मोकळी असते ती आर्द्राचा पाऊस पडला की अशा जीवांनी भरून जाते. जैनांच्या कल्पसूत्रात शेवटचा भाग सामाचारीचा, म्हणजे पावसाळ्यातल्या वागण्याच्या नियमांचा आहे. त्यात साधूने पुन्हा पुन्हा बघून घ्यावेत असे आठ 'सूक्ष्म' सांगितले आहेत: बारीक प्राणी, बुरशी, बी, कोंब, फुलं, अंडी, किड्यांची घरं आणि ओल. बुरशीबद्दल तिथे एक बारकावा आहे. ती ज्या वस्तूवर धरते त्याच वस्तूच्या रंगाची असते, म्हणून ती चटकन दिसत नाही. हे लिहिणारा माणूस ओणवा होऊन, नाक जमिनीला लावून बघत असणार. पुस्तकातून हे सुचत नाही.

किड्यांच्या घरांसाठी त्या यादीत शब्द आला आहे 'लेण'. लेण-सूक्ष्म. त्याचेही पाच प्रकार आहेत: किड्याने जमिनीत केलेलं बीळ, वाळलेल्या चिखलाला पडलेली भेग, सरळ खाली गेलेलं भोक, ताडाच्या मुळासारखं खाली रुंदावणारं आणि शंखाच्या वेटोळ्यासारखं. मी तो शब्द वाचला आणि पुस्तक मिटून बसले. माझ्या गच्चीवरून दक्षिणेला त्रिरश्मीचा डोंगर दिसतो, त्याच्या पोटात पांडवलेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत भिक्खूंच्या खोदलेल्या घराला हाच शब्द आहे, 'लेण'. जिथे शिरून, दडून राहायचं ती जागा. मुंगीचंही लेण, भिक्खूचंही लेण. पाऊस आला की दोघांनी आपापल्या लेणात जायचं.

पण माणसाचं लेण फुकट होत नाही. ते कुणीतरी बांधतं, शाकारतं, पावसाळाभर तिथल्या पोटांची सोय बघतं. थांबण्याचा भार कुणावर पडतो, हा प्रश्न या परंपरांना फार लवकर पडला होता, आणि मला वाटतं, चातुर्मासाचे बरेचसे नियम त्या प्रश्नातूनच आले आहेत.

महावीरांच्या दीक्षेनंतरच्या पहिल्याच पावसाळ्याची गोष्ट परंपरेत सांगतात. मोराक नावाच्या वस्तीजवळ तापसांचा एक आश्रम होता आणि तिथला कुलपती महावीरांच्या वडिलांचा स्नेही होता. त्याने महावीरांना पावसाळ्यासाठी एक गवती झोपडी दिली. पाऊस नुकताच सुरू झालेला, कुरणात अजून गवत आलेलं नाही, गुरं भुकेली. ती झोपड्यांचं छप्पर ओढून खायला लागली. बाकीचे तापस काठ्या घेऊन आपापल्या झोपड्या राखत होते. महावीर ध्यानात उभे, त्यांनी गुरांना हाकललं नाही. तापसांनी कुलपतीकडे गाऱ्हाणं नेलं आणि कुलपती येऊन म्हणाला, "कुमार, पक्षीसुद्धा आपलं घरटं राखतो." तिकडे राजगृहाच्या लोकांनीही पक्ष्याच्या घरट्याचाच दाखला दिला होता. तिथे घरटं करून राहा म्हणून, इथे राहिलास तर ते सांभाळ म्हणून. महावीर अर्धा महिना राहिले होते. ते भर पावसाळ्यात तिथून निघाले आणि उरलेला काळ अस्थिकग्रामात राहिले. निघताना त्यांनी पाच निश्चय केले. त्यांतला पहिला असा, की जिथे आपल्या राहण्याने कुणाच्या मनात नाराजी येते तिथे राहायचं नाही. पावसात चालू नये हा नियम मोठा खराच, पण नकोसं होऊन राहू नये हा त्याहून मोठा ठरला.

कल्पसूत्रातला दुसरा एक नियम याच्याच पुढचा आहे. महावीरांनी पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री उलटल्यावर 'पर्युषण' केलं, म्हणजे मुक्काम पक्का केला. आषाढी पौर्णिमेपासून हे पन्नास दिवस मोजले तर भाद्रपद शुद्ध पंचमी येते. पन्नास दिवस कशासाठी थांबायचं? सूत्र कारण देतं. तोवर गृहस्थांची घरं त्यांनी स्वतःसाठी म्हणून नीट करून घेतलेली असतात. कूड लावलेले, छप्पर शाकारलेलं, भिंती रंगवलेल्या, जमीन सारवलेली, पाण्याला वाट काढलेली. आपल्याकडे मृगाआधी घर शाकारायची जी धांदल असते, तीच ही यादी. साधूने आधीच येऊन "मी इथे राहणार" म्हटलं तर लोक ती कामं साधूसाठी करतील. त्या कामात खणलं जाईल, तोडलं जाईल, जीव मरतील, आणि त्याचं कारण साधू होईल. म्हणून घरधन्याची धांदल त्याच्या स्वतःच्या गरजेने उरकू द्यायची आणि मग त्याच्या घराचा रिकामा कोपरा मागायचा. आज जो दिवस संवत्सरी म्हणून, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याचा म्हणून पाळला जातो, तो अशा रीतीने मुक्काम पक्का करण्याचा शेवटचा दिवस होता.

शेवटचा म्हणजे खरंच शेवटचा, हे पैठणच्या कथेवरून कळतं. आचार्य कालक पावसाळ्यात प्रतिष्ठानला, आपल्या पैठणला आले. राजा सातवाहन त्यांना मानणारा. त्याने अडचण मांडली: पंचमीला इथे इंद्राचा उत्सव असतो, मला लोकांबरोबर तिथे जावं लागतं, तुमचं पर्युषण षष्ठीला घ्या. कालक म्हणाले, पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही. मग राजा म्हणाला, तर चतुर्थीला घ्या. ते त्यांनी मान्य केलं, कारण सूत्राची मुभा तशीच आहे: आधी चालेल, ती रात्र उलटून चालणार नाही. आमच्या भागात देरावासी, म्हणजे मूर्तिपूजक, मंडळी आजही चतुर्थीला संवत्सरी करतात आणि स्थानकवासी पंचमीला. आमच्या गल्लीत एका घरचं "मिच्छामि दुक्कडं" आज येतं आणि समोरच्या घरचं उद्या. लहानपणापासून मी ते ऐकते आहे, पण या एका दिवसाच्या फरकाचं मूळ गोदावरीच्या काठी, पैठणच्या एका राजाच्या अडचणीत सांगतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, साधारण त्याच जुन्या काळाच्या आसपास, भार कुणी घ्यायचा याचा दुसरा जबाब दगडावर कोरला गेला. त्रिरश्मीवरच्या दहाव्या लेण्याला नहपानाचं लेणं म्हणतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते खोदवलं आणि ओवरीच्या भिंतींवर आपली दानं लिहून ठेवली. दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि मागे सहा अशा सोळा खोल्या, प्रत्येकीत झोपायला दगडी कट्टा. विनयाचे नियम पाहिले तर अशी खोली का हवी ते समजतं. भिक्खूंनी वर्षावास झाडाच्या ढोलीत, फांदीच्या बेचक्यात, उघड्यावर, छत्रीखाली किंवा रांजणात करू नये असं तिथे एकेक करून सांगितलं आहे. तसं करून बघणारे निघाले असतील, म्हणूनच ते सांगावं लागलं. गुराख्यांचा तांडा, व्यापाऱ्यांचा काफिला किंवा नाव मात्र चालते, आणि तांडा हलला तर त्याच्याबरोबर हलायचीही मुभा आहे.

उषवदाताच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या लेखात हिशेब आहे, आणि तो मी वहीवर मांडून बघितला. त्याने लेण्यातल्या संघासाठी ३००० काहापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून दिले. ही ठेव गोवर्धनातल्या श्रेणींकडे ठेवली. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं जुनं गाव. २००० एका कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, श्रेणीकडे, दर महिना शेकडा एक या व्याजाने. १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. पहिल्या ठेवीतून 'माझ्या लेण्यात वर्षावास केलेल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा' चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आता मांडा: २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू, प्रत्येकी १२, म्हणजे २४०. एकही नाणं कमी नाही, एकही उरत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० होतात, ते 'कुशण' यासाठी. त्या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक रोजचा किरकोळ खर्च असा लावतात.

हा हिशेब जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दानशूर माणूस ढोबळ आकडा देऊन मोकळा होतो. इथे कुणीतरी आधी भिक्खू मोजले, कापडाची किंमत काढली, मग मागे येत मुद्दल किती लागेल ते ठरवलं. पैसे विणकरांकडेच ठेवले. आणि कापड कुणाला? जे पावसाळाभर राहिले त्यांना. वर्षावास संपला की भिक्खूंचा चीवर मिळण्याचा काळ सुरू होतो, त्याच वेळी हे बारा काहापण हातात यायचे. कुणाच्या दारात जाऊन मागायची वेळ येऊ नये आणि कुणाला दरवर्षी नव्याने द्यायचा बोजाही वाटू नये, अशी ही सोय आहे. (याच लेखात त्याने आठ हजार नारळीची झाडं दिल्याचंही आहे, आणि ती ज्या गावात होती त्याचं नाव चिखलपद्र.)

पण त्याच ओवरीत दुसऱ्या लेखात उषवदात स्वतःबद्दल जे लिहितो ते वाचताना मी दरवेळी अडखळते. मालय लोकांनी उत्तमभद्र लोकांना वेढा घातला होता, तेव्हा स्वामींच्या आज्ञेने मी वर्षाऋतूत त्यांना सोडवायला गेलो, असं तो म्हणतो. 'गतोस्मि वर्षारतुं'. मालय त्याच्या नुसत्या गर्जनेने पळाले, आणि मग त्याने पुष्करला जाऊन स्नान केलं, गाई दिल्या. राजे लोक पावसाळ्यात सैन्य हलवत नसत, विजयादशमीला सीमोल्लंघन करत, म्हणूनच त्याला तो ऋतू मुद्दाम सांगावासा वाटला असणार. वीस माणसांनी पावसाळ्यात पाऊल टाकू नये म्हणून कायमची ठेव ठेवणारा माणूस स्वतः पावसाळ्यात फौज घेऊन गवत तुडवत गेला होता. त्याच्या मनात या दोन गोष्टी कशा शेजारी नांदत होत्या? मला त्यात ढोंग दिसत नाही. आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्या कुणाला तरी जमावं म्हणून खर्च करणारी माणसं मी पाहिली आहेत.

वैदिक बाजूलाही नियम जुना आहे. गौतम धर्मसूत्रात भिक्षूबद्दल दोनच शब्द आहेत, 'ध्रुवशीलो वर्षासु', पावसाळ्यात स्थिर राहावं. शंकराचार्यांच्या पीठांत संन्यासी आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा करून चातुर्मास्याचा संकल्प करतात आणि भाद्रपदी पौर्णिमेला उठतात. दोनच महिने, कारण 'पक्ष हाच मास' या वचनाने चार पक्ष म्हणजे चार मास धरले जातात. गृहस्थांनी मात्र हे थांबणं पायांतून काढून ताटात आणलं. कांदेनवमीला भजी, थालीपीठ, झुणका यांची चंगळ केली की कांदा, लसूण, वांगी चार महिने बंद. देव आषाढी एकादशीला झोपतो आणि कार्तिकीला उठतो. आमच्या वारकऱ्यांचं तर उलटंच. ते ऐन आषाढात चालत पंढरपूर गाठतात, आणि मग फडांवरची, मठांतली बरीच मंडळी कार्तिकीपर्यंत तिथेच मुक्कामाला राहतात.

आता जे खटकतं ते. हल्ली चातुर्मास कुठे होणार ते महिनोन्महिने आधी ठरतं, प्रवेशाच्या दिवशी मिरवणूक निघते, चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, मैदानावर मंडप पडतो. मंडपासाठी मैदान खणतात, सपाट करतात, गवत काढतात. एका वर्षी आमच्याच भागात (कोणत्या पंथाचा कार्यक्रम ते महत्त्वाचं नाही) पावसात पाणी तुंबलं म्हणून ऐन श्रावणात मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवला. ज्यांच्यासाठी हे केलं त्या महाराजांनी ते मागितलं नव्हतं, याची मला खात्री आहे. पण पन्नास दिवस थांबा, लोकांना आधी त्यांची घरं त्यांच्यासाठी शाकारू द्या, म्हणणाऱ्या त्या सूत्राची मला त्या दिवशी फार आठवण झाली. लोकांची भक्ती खोटी नसते. मात्र नियमाची नजर जिथे होती, जमिनीकडे, तिथे आता कुणी बघत नाही.

ती नजर मला शेजारच्या भाभींच्या स्वयंपाकघरात सापडली. चातुर्मासात त्यांच्या ओट्यावर एक मोठं पातेलं दिसायचं. पहाटे पाणी उकळून थंड करायच्या, दुपारी पुन्हा. मी विचारलं, दोनदा का? म्हणाल्या, उकळलेलं पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर चालतं, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीनच. त्यानंतर त्यात पुन्हा जीव होतात असं मानतात. तीन प्रहर म्हणजे नऊ तास. सकाळी सहाचं दुपारी तीनला संपलं. मी म्हणाले, "महाराजसाहेबांसाठी एवढी मेहनत करता तुम्ही." त्या एकदम गंभीर झाल्या. "त्यांच्यासाठी नाही हं. त्यांच्यासाठी उकळलं तर त्यांना चालतच नाही. मी स्वतः चार महिने उकळलेलंच पिते. घरात असतं, म्हणून त्यांना वाढता येतं."

म्हणजे गोचरीला आलेल्यांना वेगळं काही करायला लागू नये, म्हणून या बाईने स्वतःचं पाणी चार महिन्यांसाठी बदललं होतं. त्यांचे गुडघे दुखतात आणि ते पातेलं भरलेलं असताना जड असतं. त्यातही एखाद्या दिवशी झड लागून राहिली तर महासतीजी येतच नसत, कारण पाऊस पडत असताना गोचरीला निघायचं नाही. मग भाभी खिडकीशी उभ्या राहून आभाळाकडे बघत बसायच्या. एकदा सलग दोन दिवस असं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला उघडीप मिळाली तेव्हा भाभी मला जिन्यातूनच हाक मारून म्हणाल्या, "निघाल्या, निघाल्या!" आणि मी कपडे धुवायचे टाकून मागच्या पायऱ्यांकडे धावले, कारण तिथे आमचा एक मुलगा ब्लीचिंग पावडर टाकायला निघाला होता. त्याला म्हटलं, कार्तिकापर्यंत राहू दे. पुढचं फाटक आहे की.

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या सकाळी त्या निघाल्या. उन्हं वर यायच्या आत, अनवाणी, झोळी आणि जीव अलगद बाजूला सारायचा ओघा घेऊन, सिन्नरच्या रस्त्याने. भाभी आणि आम्ही दहा-बाराजणी पाच-सहा किलोमीटर बरोबर गेलो. वाटेत एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला गवत वाळून पिवळं पडलं होतं, तिथे वयस्कर महाराजसाहेब थोडा वेळ थांबल्या, खाली बघितलं, आणि मग त्या वाळल्या गवताच्या कडेकडेने पुढे गेल्या. आम्ही रिक्षाने परत आलो. भाभींनी आल्या आल्या माठातलं साधं पाणी ओतून घेतलं, आणि दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते पातेलं घासून मोरीत पालथं घातलेलं होतं.